वस्तरा, पंप आणि एकच बटन

राळेगावात ज्या सलूनमध्ये मी दाढी करायला जायचो, तिथे भिंतीवर एकच बटन होतं. ते दाबलं की आरशावरचा बल्ब लागायचा, डोक्यावरचा पंखा फिरायचा आणि कोपऱ्यातला रेडिओ बोंबलायला लागायचा. तिन्ही एकदम. सलूनवाल्या काकांच्या पुतण्यानं वायरिंग करायला घेतलं आणि मधेच पुण्याला नोकरी लागली म्हणून काम तसंच टाकून तो निघून गेला. तेव्हापासून ऐन थंडीत सकाळी उजेड पाहिजे असेल तर डोक्यावर गार वारा घेत कापसाचे भाव ऐकावे लागत. गिऱ्हाईक कुरकुरलं की काका म्हणत, "एकावर दोन फुकट देऊन राह्यलो, तरी तुमचं रडगाणं हायच."

मी तेव्हा तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होतो. दाढी घरी करता येत नव्हती असं नाही. पण दर रविवारी काकांच्या खुर्चीत मान मागे टाकून पडायचं आणि गावाच्या भानगडी ऐकायच्या, हे सुख बायकोच्या आरशासमोर मिळत नाही. काका साठीच्या आसपासचे, काटकुळे, मिशी पांढरी आणि अक्कडबाज. हातात जुन्या पद्धतीचा वस्तरा, पातं तेवढं दर गिऱ्हाइकाला नवं. अर्ध्या तालुक्याची जावळं त्यांनी काढलेली. ज्याचं जावळ काढलं, त्याची लग्नाच्या दिवशीची दाढीही त्यांनीच केली, असे बाप्ये गावात खोऱ्यानं होते. "एकाच्याही टाळूले ओरखडा नाई," असं ते सांगत आणि सांगताना वस्तरा अशा झोकात पालथा करत की ऐकणाऱ्यालाच धडकी भरावी.

काकांना दमा होता. केस उडतात, पावडर उडते आणि समोरच जिनिंग. कापसाच्या हंगामात रस्त्यावर रुईचे तंतू तरंगत असतात. दम्याच्या माणसानं मुद्दाम शोधूनही इतकी वाईट जागा सापडली नसती. खिशात निळा पंप असायचा. धाप लागली की तोंड उघडून ते तो मारत, आणि तोही गिऱ्हाइकाच्या केसांवर स्प्रे बाटलीनं पाणी मारावं तसा, लांबून, फुस्सदिशी. निम्मं औषध मिशीलाच मिळत असेल.

त्या हिवाळ्यात एक चमत्कार झाला. गावात दाढ्या वाढायला लागल्या.

आधी माझ्या लक्षात आलं नाही. मग सलूनच्या बाकावर बसणाऱ्या रिटायर गुरुजींना मी ओळखलंच नाही, तेव्हा कुठे डोळे उघडले. गुरुजी म्हणजे रोज गुळगुळीत दाढी करून पेपर वाचणारा माणूस. त्यांच्या हनुवटीवर आता पांढरं झुडूप होतं. शेजारी बसलेल्या दोघातिघांचंही तेच. मंडळी रोज येत होती, पेपर वाचत होती, काकांचा चहा पीत होती, पण खुर्चीत चढायला कोणी तयार नव्हतं. काकांनी वस्तरा परजला की कोणाला वावरात काम आठवायचं, कोणाला पोटात कळ यायची. फारच गळ्याशी आलं तर म्हणायचे, "कैचीच चालवा काका, वस्तारा राहू द्या. सध्या दाढीची फॅशन हाय."

एरवी सदऱ्याची वरची गुंडी उघडी टाकली तर वर्गाबाहेर काढणारे गुरुजी फॅशनवर बोलायला लागले, म्हणजे काहीतरी भयंकर घडलं असणार.

भयंकर म्हणजे काकांचे हात थरथरत होते. आणि हात थरथरणाऱ्या माणसाबद्दल गाव एकच गोष्ट समजतं. जन्मात दारूच्या वाटेला न गेलेल्या, गळ्यात माळ घालणाऱ्या या माणसाला म्हातारपणी व्यसन लागलं, असं गावानं परस्पर ठरवून टाकलं. त्यावर शिक्कामोर्तब झालं आठवडी बाजारात. काका वांगी निवडायला खाली उकिडवे बसले आणि उठताच येईना. पायात जीवच नाही. भाजीवालीनं आणि एका गिऱ्हाइकानं बखोटीला धरून उभं केलं, तर दोन पावलांवर पुन्हा बसले. भर दुपारी, भर बाजारात. मग काय, कावळा बसायला आणि फांदी मोडायला. संध्याकाळपर्यंत ही बातमी घाटंजीला त्यांच्या लेकीच्या सासरी जाऊन पोचली, आणि पोचेपर्यंत वांग्यांची देशी दारू झाली होती.

ती बातमी तिथे पोचायला नको होती, कारण काकांच्या नातवाचं जावळ महिना-दीड महिन्यावर आलं होतं. लेकीचं पहिलं मूल. मूल पोटात होतं तेव्हापासून काका त्या दिवसाची वाट पाहत होते. वस्तऱ्याला नवी मूठसुद्धा बसवून घेतली होती. आता लेकीच्या सासूबाईंचा निरोप आला की जावळ तुमच्या अंगणात होऊ द्या, मामाच्या मांडीवरच होऊ द्या, पण वस्तरा धरायला आम्ही आमचा माणूस घेऊन येऊ.

हे मला काकांनी सांगितलं नाही. काकू सांगायला आल्या, दवाखान्यात, ओपीडीची गर्दी सरल्यावर. पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "डाक्टरसाहेब, याईले कळू न देता चहात टाकाची एखादी पुडी असन तर द्या. दारू सोडाची."

"पण काका पितात हे तुम्ही पाहिलं का?"

"नाई ना. हेच तर. मी रोज तोंडाचा वास घेतो, उशी हुंगतो, सदरा हुंगतो. काहीच येत नाई. बिनवासाची कोठून आणते, कोन जाने!"

मी हसलो, तर काकू भडकल्या. त्यांचं बरोबर होतं. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला हुंगायची वेळ पहिल्यांदा आली होती, आणि समोरचा डॉक्टर दात काढत होता. मी म्हटलं, पुडी नाही, पण रविवारी मी स्वतः दाढीला जातो आणि बघतो. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी सीमेवर निघालो होतो.

रविवारी मी सलूनमध्ये शिरलो तेव्हा बाकावरच्या सगळ्या दाढ्या एकदम माझ्याकडे वळल्या. मी खुर्चीत बसलो. गुरुजींनी पेपर खाली केला आणि मायेनं विचारलं, "घरी सांगून आले ना?"

काकांनी बटन दाबलं. बल्ब लागला, पंखा फिरला, रेडिओवर कोणीतरी तुरीवरच्या अळीबद्दल बोलायला लागलं. माझ्या गळ्याभोवती कापड बांधलं, फेस लावला. मग त्यांनी जे केलं ते मी आरशात नीट पाहिलं. वस्तऱ्याला पातं लावलं, खिशातून पंप काढला, मान वर करून फुस्स, फुस्स. थांबले. हात पुढे धरून पाहिला. पुन्हा फुस्स, फुस्स.

"धाप लागली का काका?" मी फेसातून विचारलं.

"नाई. हात बसवून राह्यलो."

"म्हणजे?"

"दम भरला का हात थरथरते, हे मले माईत झालं. म्हून आता दम लागाची वाटच पाहात नाई. दर गिऱ्हाइकाच्या आंधी दोन-चार मारून घेतो. हात थरथरला का आनखी मारतो. तरी साला बसतच नाई. हा पंपच डुप्लिकेट निंघाला वाट्टे."

आणि त्यांनी वस्तरा माझ्या कल्ल्याला टेकवला.

मी डॉक्टर असल्याचा मला इतका त्रास कधीच झाला नव्हता. बाकावरच्या दाढ्यांना फक्त भीती वाटत होती. मला भीतीचं कारणही कळलं होतं. थरथर बारीक होती, भरभर होती, दोन्ही हातांना सारखी होती. काकांच्या गळ्याची शीर माझ्या डोळ्यांसमोर टकटक उडत होती. श्वासाला वास होता तो पंपाचा आणि सुपारीचा. वस्तरा गालावरून उतरत होता तेव्हा त्याचं बारीक थरथरणं कातडीला कळत होतं, रस्त्यावर बैलगाडी जाताना खिडकीची काच हलते तसं. पण खरं सांगतो, कापलं मात्र कुठेच नाही. इतक्या वर्षांची सवय त्या हातात होती. थरथरत्या हातानंही तो माणूस केस न् केस नेमका धरत होता. मला त्यांच्याबद्दल भरून आलं. पण वस्तरा गळ्याच्या घाटीपाशी आला तसं भरून येणं मागे पडलं.

"काका, थांबा," मी म्हणालो. अर्धा गाल झाला होता, अर्ध्यावर फेस होता. "हात पुढे करा. दोन्ही. पालथे."

गुरुजींच्या हातातला पेपर ओढून मी एक पान त्यांच्या पसरलेल्या बोटांवर ठेवलं. पान पिंपळाच्या पानासारखं सळसळायला लागलं. बाकावर कोणी तरी "अरे बाप्पा" म्हणालं.

"आणखी काय काय घेता?"

काका ओशाळले. कंगव्यांचा खण उघडून दाखवला. आत खोकल्याच्या सिरपची बाटली होती, बाजारातल्या एका डॉक्टरनं दिलेली. पांढऱ्या बारीक गोळ्यांची पट्टी होती, शेजारच्या दमेकऱ्यानं "मले लागू पडली, तू बी घे" म्हणून दिलेली. आणि बीपीची गोळी होती, लघवी जास्त करायला लावणारी. मी चष्मा पुसून बाटलीवरचं आणि पट्टीवरचं बारीक अक्षर वाचलं. साल्ब्युटामॉल. सिरपमध्येही तेच, गोळीतही तेच आणि पंपातही तेच. हा माणूस तीन नावांनी एकच औषध सकाळ-संध्याकाळ पोटात घालत होता, आणि हात थरथरला की वरून आणखी मारत होता. तुपानं विस्तव विझवणं म्हणतात ते हेच. मला राग आला. दुसऱ्यानं काय दिलंय हे न विचारता औषध लिहिणाऱ्यांचा, आणि दम्याची गोळी विडीसारखी वाटून खाणाऱ्या आमच्या सगळ्या मुलखाचा.

"चला दवाखान्यात," मी म्हणालो. "आत्ता."

"अन् हा उरलेला गाल?"

"तो राहू द्या."

अशा रीतीनं त्या रविवारी राळेगावच्या रस्त्यावरून एक डॉक्टर अर्ध्या दाढीनं, गळ्याला कापड बांधलेला, चालला होता आणि त्याच्या मागे वस्तरा खिशात घातलेले सलूनवाले काका. त्यांच्या मागे बाकावरचे सगळे दाढीवाले. बघणाऱ्यांना वाटलं असणार की काकांनी अखेर डॉक्टरला कापलंच.

दवाखान्यात ड्यूटीवरच्या सिस्टरनं मला पाहिलं, तोंडाला रुमाल लावला आणि ईसीजीचं मशीन आणण्याच्या निमित्तानं ती आत पळाली. ईसीजीची पट्टी निघाली. नाडी पळत होती, आणि पट्टीवर जिथे ठसठशीत टेकाड दिसायला हवं तिथे ते दबून सपाट झालं होतं, मागे एक नको असलेला बारका उंचवटा उगवला होता. रक्तातलं पोटॅशियम कमी झालं की हृदय अशी सही करतं. रक्त तपासायला पाठवलं. उत्तर तेच आलं. बाजारात पाय का गेले ते कळलं. वांग्यांची आणि देशीची दोघांचीही निर्दोष सुटका झाली.

काकांना दाखल केलं. पोटॅशियमचं औषध सुरू केलं, तोंडानं घ्यायचं, त्याची चव इतकी घाण असते की काका म्हणाले, "दारूच बरी असन." गोळी बंद, सिरप बंद, बीपीची गोळी बदलली. दर थोड्या वेळानं ईसीजी पाहत राहिलो.

दुसऱ्या दिवशी ते जरा माणसात आले आणि भांडायला लागले. त्यांचा मुद्दा बिनतोड होता. "मारतो तोंडात, जाते छातीत. मंग हात काहून हालते? आन् पायातलं बळ कोनं नेलं?"

मी आधी दवाखान्याच्या भाषेत सुरू केलं आणि त्यांच्या डोळ्यांत झोप यायला लागलेली पाहिली. मग मला त्यांचं बटन आठवलं.

"काका, तुमच्या दुकानात बटन दाबलं तर काय लागतं?"

"बल्ब, पंखा आन् रेडू."

"शरीरातही तुमच्या पुतण्यानंच वायरिंग केलंय."

काका उठून बसले.

मग मी सांगितलं. श्वासाच्या नळ्यांना बाहेरून बारीक स्नायूंचा वेढा असतो. दम्यात तो वेढा आवळतो आणि आतून नळी सुजते. हवा जायला जागाच उरत नाही. त्या स्नायूंवर बटनं बसवलेली असतात, डॉक्टर लोक त्यांना बीटा-टू रिसेप्टर म्हणतात. पंपातलं औषध ते बटन दाबतं. बटन दाबलं की स्नायूच्या आत एक निरोप्या तयार होतो, तो कॅल्शियम खाली बसवतो. कॅल्शियम खाली बसलं की स्नायूला आवळून धरता येत नाही. वेढा सैल पडतो, नळी उघडते. तो झाला तुमचा बल्ब.

"पण तीच बटनं हाताच्या स्नायूंवरही असतात," मी म्हणालो. "हात एका जागी धरून ठेवणारे जे संथ धागे असतात, ते एकामागून एक ओढत राहतात म्हणून हात स्थिर दिसतो. औषधानं त्यांचं बटन दाबलं की प्रत्येक ओढ लवकर सुटते. ओढीला ओढ जुळत नाही, मधे फट पडते, आणि हात थरथरतो. हा रेडिओ."

"आन् पंखा?"

"स्नायूंच्या दारात एक मोटर असते. ती रक्तातलं पोटॅशियम उपसून स्नायूच्या आत टाकते. त्याच बटनानं तीही जोरात सुटते. वर इन्सुलिनही वाढतं, तेही तिलाच पळवतं. पोटॅशियम शरीरातच असतं, पण रक्तात कमी पडतं. आत ढीग, बाहेर दुष्काळ. मग पाय लुळे पडतात, हृदयाचा ताल चुकतो. त्यात तुमची बीपीची गोळी लघवीतून थोडं घालवत होती ते वेगळंच."

काका म्हणाले, "म्हंजे मी उजेडासाठी बटन दाबून राह्यलो, आन् रेडू कायले वाजते म्हून पुन्हा तेच बटन दाबून राह्यलो."

"हो. आणि बटन सारखं दाबलं की ते बोथटही होतं. शरीर काही बटनं आत ओढून घेतं. मग उजेड कमी पडतो आणि माणूस आणखी दाबतो."

"कोनं बसोले हे बटनं? पंप तं आता निंघाला."

प्रश्न ऐकून मी मनातल्या मनात त्यांना मुजरा केला. मी सांगितलं की ही बटनं पंपासाठी नाहीतच. पिसाळलेलं कुत्रं मागे लागलं की अंगात भीतीचं जे रसायन सुटतं, ॲड्रेनॅलिन, त्याच्यासाठी ती आहेत. पळायला हवा लागते म्हणून छाती मोकळी होते, आणि हात थरथरतात तेही त्यानंच. पंपातलं औषध त्या रसायनाची नक्कल आहे. थोडंसं, सरळ छातीत गेलं तर बहुतेक बल्बच लागतो. पण गोळी आणि सिरप पोटातून रक्तात जाऊन गावभर फिरतात, सगळीच बटनं दाबत.

"म्हंजे मी महिनाभर कुत्रं मागं लागल्यावानी दाढ्या करून राह्यलो," काका म्हणाले, आणि त्या हिवाळ्यात पहिल्यांदा मिशीतून हसले.

घरी सोडताना मी त्यांना दुसरा पंप दिला, सकाळ-संध्याकाळ नेमानं घ्यायचा, नळीतली सूज उतरवणारा. निळ्या पंपाला पुढे लावायचा प्लॅस्टिकचा डबा दिला, म्हणजे औषध मिशीऐवजी छातीत जावं. नाकाला मास्क बांधायला सांगितलं. निळा पंप फक्त धाप लागली तरच. उरलेल्या अर्ध्या दाढीचं मी त्याच दिवशी घरी उरकलं होतं, साध्या सेफ्टी रेझरनं, आणि हनुवटीला दोनदा कापून घेतलं होतं. काकांनी ते पाहून नुसतं "हं" केलं. त्या "हं"मध्ये माझ्या सगळ्या डिग्र्या आल्या.

हात आठवड्याभरात शांत झाले, छाती हळूहळू. पण गाव हातांपेक्षा हट्टी. दाढ्या होत्या तशाच होत्या. आणि लेकीच्या सासूबाईंनी निरोप पाठवला की डॉक्टर एवढं सांगतात तर डॉक्टरनंच त्या दिवशी समोर उभं राहावं, पोराला काही झालं तर त्यांची गचांडी धरता येईल. काकूंनी हा निरोप मला शब्दशः सांगितला आणि म्हणाल्या, "तुमचं जेवन बी तिथंच हाय."

जावळाच्या सकाळी काकांच्या अंगणात मांडव होता. आत्याबाईंनी केस झेलायला कापड धरलं होतं. मामा पाटावर बसला होता आणि त्याच्या मांडीवर नऊ महिन्यांचं ते पोर, गुटगुटीत, सगळ्यांकडे बघून लाळ गाळत. सासूबाई खुर्चीत, जज्जासारख्या. बाकावरची मंडळी दाढ्यांसकट हजर. माझ्या हातात पाण्याची वाटी दिली होती, मी जवळच उभं राहावं म्हणून.

आणि तेव्हाच कोणीतरी धूप लावला. ओलं काहीतरी पेटलं असावं, अंगणभर धूर झाला. काका खोकले. पुन्हा खोकले. मी जवळ होतो म्हणून मला ऐकू आली ती शीळ, छातीतून येणारी, बारीक. मी त्यांना बाजूला घेतलं.

"पंप घ्या."

"नाई."

"काका, धाप लागतेय."

"लागू द्या. पंप मारला का हात हालन. आज नाई मारत मी. मेलो तरी चालन, पन आज हात हालू देत नाई."

त्यांच्या ओठांवर घाम आला होता. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली, दोन्ही एकाच वेळी. आधी हा माणूस गरज नसताना मारत सुटला होता, आता गरज असताना खिशात दाबून बसला होता. मी दबक्या आवाजात म्हणालो, "काका, आता तुमच्या पोटात गोळी नाही, सिरप नाही. छाती बंद पडत आली तर हात काय कामाचा? दोनदा, डब्यातून, छातीत. गावभर जायला औषध उरणारच नाही. माझ्यावर विश्वास आहे का नाही?"

"तुमचा हाय," ते म्हणाले. "हाताचा नाई राह्यला."

या माणसानं आयुष्यात फक्त हातावर विश्वास ठेवला होता.

मग त्यांनी डबा तोंडाला लावला. एकदा. सावकाश श्वास ओढला, धरून ठेवला. थोडं थांबून आणखी एकदा. आम्ही गोठ्याच्या भिंतीला टेकून उभे राहिलो. पलीकडून सासूबाईंचा आवाज आला, "मुहूर्त टळून राह्यला नं जी!" काकू म्हणाल्या, "येऊन राह्यले, पानी पिऊन राह्यले." शीळ बारीक झाली, मग गेली. काकांनी खांदे खाली सोडले. मी गुरुजींना खूण केली. त्यांना काय समजायचं ते समजलं; त्यांनी पेपरचं एक पान फाडून आणलं, आणि काकांनी सगळ्या मांडवासमोर दोन्ही हात पुढे केले. पान बोटांवर ठेवलं.

अगदी स्थिर राहिलं असं म्हणणार नाही. कोणाचंच राहत नाही. पण ते सळसळलं नाही.

"ठीक हाय," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडून तेवढं निघालं म्हणजे पुष्कळ झालं.

काका पोरासमोर बसले. डाव्या हातानं त्याचं डोकं धरलं, अंगठ्यानं टाळू चाचपली. ती टाळू अजून मऊ होती, श्वासासारखी उडत होती. वस्तरा उचलला. पोरानं भोकाड पसरलं. मी वाटी धरून वाकलो होतो, आणि माझ्या डोक्यात नको नको ते येत होतं. दोन पंप जास्त तर झाले नसतील ना? मी एवढा छातीठोकपणे बोललो खरा, पण पोर हललं तर? काका हलले तर? पहिला पट्टा निघाला, कानाच्या वरून मागे, गुळगुळीत. केस आत्याबाईंच्या कापडावर पडले. दुसरा निघाला. वस्तरा टाळूकडे सरकला.

अंगणात एकच आवाज येत होता. टिक टिक टिक टिक. वाटीवर काहीतरी वाजत होतं.

काकांनी मान वर केली नाही, हात थांबवला नाही. टाळूवरून वस्तरा पिसासारखा उतरवत, त्यांनी फक्त म्हटलं, "डाक्टरसाहेब, ते वाटी खाली ठेवा. अंगठी वाजून राह्यली तुमची. पंप मारला मी, आन् हात तुमचा हालून राह्यला."

सगळा मांडव हसला, सासूबाईसुद्धा. मी वाटी खाली ठेवली. बाकावरून गुरुजी उठले, दाढी खाजवत पुढे आले आणि म्हणाले, "पोराचं झालं का मंग माहा नंबर."